फीवाढीची हरकत आणि अडवलेला दाखला : एक तक्रार नव्हे, दोन अर्ज

शाळेने अचानक वाढवलेली फी आणि ती भरली नाही म्हणून अडवून ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला, या दोन गोष्टी पालकांच्या मनात एकाच अन्यायाच्या दोन बाजू असतात, आणि म्हणूनच बहुतेक पालक त्या एकाच अर्जात लिहितात. माझ्या अनुभवाने सांगायचे तर निम्मी प्रकरणे इथेच फसतात. फीवाढ योग्य की अयोग्य हे ठरवणारा कायदा वेगळा, ते ठरवणारी समिती वेगळी आणि त्याला लागणारा वेळही महिन्यांत मोजावा लागणारा असतो. दाखल्याचा प्रश्न मात्र दुसऱ्या कायद्याखाली येतो, तो दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो आणि आठ-पंधरा दिवसांत सुटू शकतो. दोन्ही एकाच कागदावर लिहिले की कार्यालयातला माणूस "फीचा वाद समितीपुढे आहे, तो निकाली निघाल्यावर पाहू" असे म्हणून दाखल्याचाही प्रश्न बाजूला ठेवतो, आणि मूल जून-जुलैचे दिवस घरी बसून काढते.

हा लेख विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी शाळांतील पालकांसाठी आहे. शाळा राज्य मंडळाची आहे की केंद्रीय मंडळाची, याने फीच्या कायद्यात फरक पडत नाही. "आमची शाळा सीबीएसईची आहे, आम्हाला राज्याचा कायदा लागू नाही" हे उत्तर काउंटरवर बऱ्याचदा ऐकू येते, आणि ते चुकीचे आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक प्रकरण सोबत घेऊन पुढे जाऊ. त्यातील कुटुंबाची आणि शाळेची ओळख मुद्दाम दिलेली नाही आणि आकडे हिशोबाला सोपे केले आहेत. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्यावरच्या एका गावातील इंग्रजी माध्यमाची शाळा. वडील मासेमारी बोटीवर तांडेल, आई घरी सुपारी सोलण्याचे काम करते, मुलगी चौथी पास होऊन पाचवीत गेलेली. २०२४-२५ची २८,००० रुपये फी त्यांनी पूर्ण भरलेली होती. मार्चअखेरीस निकालासोबत एक परिपत्रक आले आणि २०२५-२६ची फी ३८,००० रुपये झाली. त्यातच कुटुंबाने बाणकोट खाडीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यातल्या आजोळी राहायला जायचे ठरवले. शाळा सुरू झाल्यावर आठ दिवसांनी वडील दाखला मागायला गेले, तेव्हा लिपिकाने सांगितले, "नवीन वर्षाचा पहिला हप्ता १९,००० भरा, मग दाखला न्या." पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत तांडेलाच्या घरात एकरकमी १९,००० रुपये कोठून येणार, हे त्या गावात कोणालाही सांगावे लागत नाही.

परिपत्रक वाचताना

पहिले काम रागाचे नाही, हिशोबाचे आहे. जुन्या आणि नव्या फीचे सर्व शीर्ष एका कागदावर शेजारी-शेजारी लिहावेत. वरील प्रकरणात जुनी फी अशी होती: शिकवणी शुल्क २१,६००, सत्र शुल्क ३,६००, परीक्षा शुल्क १,२००, संगणक व प्रयोगशाळा १,६००. नव्या परिपत्रकात हेच आकडे २७,०००, ४,५००, १,५०० आणि २,००० झाले होते. मुख्याध्यापकांनी पालकसभेत "पंचवीस टक्केच वाढ आहे" असे सांगितले, आणि या चार शीर्षांपुरते ते खरेही होते, कारण त्यांची बेरीज ३५,००० येते. पण खाली बारीक अक्षरात "विकास शुल्क ३,०००" असा पाचवा, नवा शीर्ष होता. तो धरला की वाढ १०,००० रुपयांची, म्हणजे जवळपास ३६ टक्क्यांची होते. अर्जात टक्केवारी एकदाच द्यावी आणि ती अशी शीर्षनिहाय द्यावी. "भरमसाट", "अवाच्या सवा" असे शब्द वापरून काही सिद्ध होत नाही. नव्याने घातलेला शीर्ष मात्र स्वतंत्र मुद्दा होतो, कारण तो कोणी, केव्हा मंजूर केला हे शाळेला दाखवावे लागते.

जुन्या पावत्या याच वेळी शोधून ठेवाव्यात. ज्या पावतीवर शीर्षनिहाय फोड नाही, किंवा शाळेच्या नावाऐवजी कुठल्या भलत्याच ट्रस्टचे नाव आहे, ती बाजूला काढावी. पुढे सुनावणीत तिचा उपयोग होतो.

कायदा नेमके काय विचारतो

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा कायदा राज्यात १ डिसेंबर २०१४पासून लागू आहे, आणि २०१८च्या दुरुस्तीने त्यात पालकांसाठी महत्त्वाचा बदल झाला. कलमांची यादी पाठ करण्याची गरज नाही. कायद्याने शाळेला जी चाल घालून दिली आहे ती मात्र समजून घ्यावी, कारण मनमानी फीवाढ बहुतेक वेळा आकड्यापेक्षा या चालीत पकडली जाते.

शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. शाळेतला प्रत्येक पालक आपोआप त्याचा सदस्य असतो. या संघातून कार्यकारी समिती निवडली जाते, तीही सोडत काढून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, उपाध्यक्ष पालकांमधून असतो आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक तिच्यावर येतो. समितीची यादी फलकावर लावायची असते आणि तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची असते. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाची प्रस्तावित फी, हिशोबाच्या कागदांसह, वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायची आणि समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा, असा क्रम आहे. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते.

आता हा क्रम दिनदर्शिकेवर मांडून पाहा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला भरतात, म्हणजे प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत समितीपुढे यायला हवा आणि मंजूर फी जानेवारीत समजायला हवी. ज्या पालकांना वाढ मार्चमध्ये निकालासोबत पहिल्यांदा कळते, त्यांच्या शाळेत डिसेंबरची बैठक झाली होती का, एवढा एकच प्रश्न पुरेसा असतो. आमच्या उदाहरणात त्याहून सोपी गोष्ट हाती लागली: २८,०००ची फीच २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी मंजूर झालेली होती. व्यवस्थापन बदलले, नव्या कारकुनाने जुनी फाईल पाहिली नाही आणि परिपत्रक काढून टाकले, असा तो साधा प्रकार निघाला. सगळीकडे लबाडीच असते असे नाही, पण हलगर्जीपणाची किंमत पालकांनी का भरावी?

इथे एका गैरसमजाबद्दल लिहायलाच हवे. "दर वर्षी पंधरा टक्के वाढवायला परवानगी आहे" असे शाळाही सांगतात आणि पालकही मानतात. कायद्यातले १५ टक्के हे व्यवस्थापनाने मागितलेली फी आणि कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी यांतल्या फरकाबद्दलचे आहेत. तो फरक त्याहून जास्त असेल तर व्यवस्थापन वाद विभागीय शुल्क नियामक समितीकडे नेऊ शकते. समितीपुढे न जाताच दरवर्षी १५ टक्के वाढवून घेण्याचा तो परवाना नव्हे. त्यामुळे "वाढ पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त आहे" एवढाच मुद्दा अर्जात घेऊ नये. उद्या शाळेने वाढ १४ टक्क्यांवर आणली तर आपला अर्ज आपणच निकाली काढलेला असतो.

पहिला अर्ज : शाळेकडे, कागद मागण्यासाठी

फीवाढीविरुद्धचे पहिले पत्र तक्रारीचे नसावे, मागणीचे असावे. ते मुख्याध्यापकांच्या नावे लिहावे आणि त्यात चारच गोष्टी मागाव्यात: कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी, फीचा प्रस्ताव समितीला दिल्याची तारीख, समितीचा लेखी निर्णय, आणि नव्या शीर्षाच्या मंजुरीचा ठराव. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत द्यावी. पत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. यालाच पोच म्हणतात, आणि पुढच्या सर्व गोष्टी तिच्यावर उभ्या राहतात. शिक्का मारायला नकार दिला तर काउंटरवर वाद न घालता तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवावे, पावती जपावी आणि ते पोहोचल्याचा टपाल खात्याचा तपशील छापून ठेवावा. व्हॉट्सअॅपच्या पालक गटावर टाकलेला संदेश म्हणजे अर्ज नव्हे, मग त्याला कितीही अंगठे आलेले असोत.

शाळेने कागद दिले नाहीत तरी अडत नाही. समितीची यादी शिक्षणाधिकाऱ्यांना देणे शाळेवर बंधनकारक असल्याने ती जिल्हा परिषदेत असायला हवी, आणि तिथे माहितीचा अधिकार चालतो. रायगडमध्ये पहिली ते आठवीसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, अलिबाग यांच्या कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्यांकडे, आणि नववीच्या पुढे असल्यास (माध्यमिक) यांच्याकडे, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. "सदर शाळेकडून २०२४-२५ व २०२५-२६ या वर्षांसाठी कार्यकारी समिती स्थापनेबाबत व शुल्क निश्चितीबाबत प्राप्त झालेल्या पत्रांच्या प्रती" एवढेच मागावे. "असे पत्र अभिलेखात आढळून येत नाही" हे उत्तर आले तर निराश होऊ नये; बऱ्याचदा तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा असतो.

दरम्यान फीचे काय करायचे? माझे मत ठाम आहे: जी रक्कम वादात नाही ती वेळेवर भरावी. मुले त्याच शाळेत राहणार असतील तर जुन्या दराचा हप्ता, या उदाहरणात १४,००० रुपये, धनादेशाने किंवा ऑनलाइन भरावा आणि सोबत एक ओळीचे पत्र द्यावे: "ही रक्कम पूर्वीच्या मंजूर दराने भरत असून वाढीव रकमेबाबतची माझी हरकत कायम आहे." सगळीच फी रोखून धरणारे पालक सुनावणीत पहिल्याच पाच मिनिटांत थकबाकीदार ठरतात आणि बाकीचा वेळ स्वतःचा बचाव करण्यात जातो. नाइलाजाने वाढीव फी भरावी लागली तरी हेच पत्र "हरकत राखून भरणा" या विषयाने द्यावे, म्हणजे पुढे परतावा मागताना "तुम्ही राजीखुशीने भरलीत" असे कोणाला म्हणता येत नाही.

सह्यांचा हिशोब

विभागीय शुल्क नियामक समितीकडे एकट्या पालकाला दाद मागता येत नाही, ही कायद्याची सर्वांत जाचक मर्यादा आहे. २०१८च्या दुरुस्तीने दार उघडले, पण किमान २५ टक्के पालक एकत्र आले तरच. शाळेत ३६० मुले असतील तर विद्यार्थिसंख्येवर हा आकडा ९० येतो. एकाच घरातली दोन-तीन भावंडे शाळेत असल्याने पालकांची संख्या त्याहून कमी भरते, आणि मग टक्केवारी कशावर काढायची यावर शाळेचे वकील अर्धा तास घेतात. म्हणून मोठा आकडा धरावा आणि त्यावर दहा-पंधरा सह्या जास्त घ्याव्यात. उदाहरणातल्या पालकांनी १०४ सह्या घेतल्या, पण त्यातल्या सहा बाद झाल्या, कारण सही आजीने किंवा काकांनी केली होती आणि शाळेच्या नोंदीत पालक म्हणून वडिलांचे नाव होते. बोटीवर, मुंबईत किंवा आखातात असलेल्या वडिलांच्या जागी आईची सही घ्यावी. त्यासाठी शाळेच्या प्रवेश अर्जात आईचे नाव आहे ना, ते आधी पाहावे.

सह्यांचा तक्ता मूळ निवेदनाच्या मागे सलग असावा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर निवेदनाचा विषय छापलेला असावा आणि प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, पालकाचे नाव आणि सही असावी. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या नंतर निवेदनाला टाचल्या, तर "आम्ही कशावर सही केली हे आम्हाला माहीत नव्हते" असे लिहून देणारे दोन-तीन पालक शाळेला सहज मिळतात. सह्या गोळा करायला कोकणात एप्रिल-मे सोयीचा वाटतो, कारण चाकरमानी गावी असतात, पण तेव्हा शाळेतलेच निम्मे पालक आंबा-काजूच्या धांदलीत असतात. शाळा भरल्यानंतरचा पहिला आठवडा, शाळेच्या फाटकाबाहेर, हीच खरी वेळ.

रायगड जिल्हा मुंबई शिक्षण विभागात येतो, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात. आपल्या विभागाच्या शुल्क नियामक समितीचा पत्ता आणि अर्जाचा विहित नमुना शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी मागून घ्यावा आणि मगच निवेदन पाठवावे. चुकीच्या कार्यालयात गेलेला कागद "योग्य त्या कार्यवाहीसाठी" फिरत फिरत येईपर्यंत दुसरे सत्र सुरू होते. समितीचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे सुनावणीचे स्वरूप कोर्टासारखे असते: दोन्ही बाजूंना नोटीस, कागद दाखल करणे, तारीख. भाषण करायची तयारी करण्याऐवजी कागदांना अनुक्रमांक द्यावेत. परिपत्रक, जुन्या पावत्या, शीर्षनिहाय तक्ता, शाळेला दिलेल्या पत्राची पोच आणि माहिती अधिकारातले उत्तर, याच क्रमाने ते लावावेत.

दुसरा अर्ज : दाखल्यासाठी

आता त्या मुलीकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५मध्ये असे म्हटले आहे की राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे. दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि दाखला लांबवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. "फी बाकी नसेल तर" अशी अट त्या कलमात नाही. शाळेची फी खरोखर बाकी असेल तर ती वसूल करण्यासाठी तिला दिवाणी मार्ग मोकळा आहे, पण मुलाचा कागद तारण म्हणून ठेवणे हा तो मार्ग नव्हे.

या कलमाला दोन मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. शिवाय बदली मिळण्याचा हक्क सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी आहे; दुसऱ्या खाजगी विनाअनुदानित शाळेत जाताना याच कलमावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. उदाहरणातली मुलगी पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत जात होती, म्हणून तिचे प्रकरण या चौकटीत नेमके बसत होते.

दाखल्याच्या अर्जात फीवाढीबद्दल एक शब्दही लिहू नये. तो इतका छोटा असावा:

"मी आपल्या शाळेतील इयत्ता पाचवीमधील विद्यार्थिनीचा पालक आहे. कौटुंबिक स्थलांतरामुळे तिला मंडणगड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल करावयाचे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ कलम ५ नुसार तिचा शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ मिळावा आणि ऑनलाइन प्रणालीवर तिची नोंद नव्या शाळेकडे वर्ग करण्यात यावी. दाखला देता येत नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, ही विनंती."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. "फी भरल्याशिवाय दाखला नाही" हे तोंडी सांगायला सगळे तयार असतात, पण त्याखाली सही करायला सहसा कोणी धजत नाही. उदाहरणात वडिलांनी २४ जूनला हा अर्ज देऊन पोच घेतली आणि तीन दिवस वाट पाहिली. लेखी उत्तर आले नाही. मधल्या काळात लिपिकाने एक छापील कागद पुढे केला होता: "२०२५-२६ची थकीत फी मला मान्य असून ती मी हप्त्यांनी भरेन." तशा कागदावर सही करून दाखला घेणे सोपे वाटते, पण आठ दिवस वर्गात बसलेल्या मुलीसाठी पूर्ण वर्षाची, तीही वादातली फी आपण कबूल केलेली असते. त्यांनी सही केली नाही, हे बरे झाले.

तीस जूनला त्यांनी जुन्या शाळेच्या तालुक्यातील पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, सोबत २४ तारखेच्या पोचेची छायाप्रत जोडली, आणि एक प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), अलिबाग यांना पाठवली. त्याच कायद्याच्या कलम ३२नुसार अशा तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. व्यवहारात गटशिक्षणाधिकाऱ्यांचे एक पत्र किंवा केंद्रप्रमुखांची शाळेला एक भेट पुरते. पण ते होईपर्यंत थांबायचे नाही. ही सर्वांत मोठी चूक मी पाहत आलो आहे: दाखला मिळेपर्यंत पालक नव्या शाळेत जातच नाहीत.

खाडीच्या पलीकडे

बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोट खाडी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि शिक्षण विभागही बदलतो. म्हणून दाखला न देणाऱ्या शाळेची तक्रार रायगडमध्ये आणि प्रवेश देण्यास कां-कू करणाऱ्या शाळेची तक्रार मंडणगडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, हे पक्के लक्षात ठेवावे. मुलीला जन्मदाखला, आधार कार्ड आणि चौथीचे प्रगतिपत्रक घेऊन १ जुलैला नव्या शाळेत नेले. मुख्याध्यापिका आधी म्हणाल्या, "दाखल्याशिवाय पटावर कसं घेऊ हो?" त्यांची अडचण खोटी नव्हती, कारण शाळेला किती शिक्षक मिळणार याची संचमान्यता पटावर ठरते आणि नोंद चुकली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. अशा वेळी वाद घालू नये. कलम ५ची प्रत आणि दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पोच त्यांच्या हाती द्यावी आणि तात्पुरता प्रवेश देऊन त्यांच्याकडूनच जुन्या शाळेला दाखला मागणीचे पत्र पाठवण्याची विनंती करावी. मुख्याध्यापकाने मुख्याध्यापकाला पाठवलेल्या जावक क्रमांकाच्या पत्राला पालकाच्या अर्जापेक्षा लवकर उत्तर मिळते, हे बरोबर नसले तरी खरे आहे.

ऑनलाइन नोंदीचा मुद्दा हल्ली कागदी दाखल्याइतकाच अडतो. मुलाची नोंद जुन्या शाळेने मोकळी केल्याशिवाय नव्या शाळेच्या यादीत दिसत नाही, आणि मग पाठ्यपुस्तके, गणवेश, पोषण आहार यांच्या हिशोबात मूल नसते. नव्या शाळेने प्रणालीवरून मागणी पाठवली आहे ना हे विचारावे, आणि जुनी शाळा ती मान्य करत नसेल तर तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या अर्जात स्वतंत्र ओळीने लिहावे. कागदी दाखला दिला पण ऑनलाइन नोंद अडवून ठेवली, असेही घडते.

फीसाठी मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, फी बाकी असलेल्यांची नावे वर्गात वाचणे असे काही घडले असेल तर ते त्याच कायद्याच्या कलम १७मधील मानसिक छळाच्या मनाईत येऊ शकते. तारीख, तास आणि साक्षीदार असतील तरच ते लिहावे, आणि तेही वेगळ्या अर्जात.

दाखला हातात आल्यावर

उदाहरणात दाखला ११ जुलैला मिळाला, पण शेरा या रकान्यात "फी बाकी" असे लिहिलेले होते. वडील तो घेऊन जवळजवळ फाटकापर्यंत आले होते. त्यांनी तो तिथूनच परत नेला आणि वादग्रस्त रक्कम दाखल्यावर लिहू नये, ती हवी तर शाळेने स्वतंत्र पत्राने कळवावी, असा चार ओळींचा अर्ज दिला. दुसरा स्वच्छ दाखला १५ जुलैला मिळाला. फीवाढीचे निवेदन त्या वेळी विभागीय समितीकडे गेलेले होते. ते निवेदन शाळेत राहिलेल्या मुलांच्या पालकांचे होते, आणि सुनावणीची नोटीस आल्यावर व्यवस्थापनाने नवा ३,०००चा शीर्ष मागे घेतला व वाढीव रकमेतून ज्यांनी जे भरले होते ते पुढच्या हप्त्यात वळते करून दिले.

दाखला काउंटरवरच उभे राहून वाचावा. जनरल रजिस्टर क्रमांक, मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव, जात-पोटजात, जन्मस्थळातील गाव, तालुका आणि जिल्हा, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळा सोडल्याची तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, असे एकेक बोट ठेवून पाहावे. गावाच्या नावात एक वेलांटी चुकली तरी जातीचा दाखला काढताना तहसील कार्यालयात तीच चूक पुढे येते. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत अशी चूक रजिस्टरमध्ये दुरुस्त करणे सोपे असते. शाळा सोडल्यानंतर त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून शाळा सोडायचा अर्ज देण्यापूर्वीच जनरल रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगावी. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो आणि पुन्हा मागितल्यास त्यावर "दुसरी प्रत" असा शेरा येतो, तेव्हा मूळ कागद देण्याआधी त्याच्या तीन-चार छायाप्रती काढून त्या पोच असलेल्या अर्जांसोबत एकाच पिशवीत, पावसापासून सांभाळून ठेवाव्यात.